विधीनं लागलेल्या लग्नाची नोंदणी (महाराष्ट्र): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगलाष्टका झाल्या, सप्तपदी झाली, चारशे माणसं जेवून गेली. मग नोंदणी कशाला? नोंदणी नसेल तर लग्न बेकायदा ठरतं का?

नाही ठरत. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न विधीनं होतं, आणि सप्तपदी हा तुमच्याकडचा विधी असेल तर सातवं पाऊल पडताच ते पूर्ण होतं. निकाहही इजाब-कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि त्याचा स्वीकार, झाल्यावर पूर्ण होतो. नोंदणी राहिली म्हणून असं लग्न रद्द होत नाही, आणि याच समजुतीनं लोक निवांत राहतात.

अडचण पुढं येते. लग्न झालं हे तुम्हाला, नातेवाइकांना, गावाला माहीत असतं. व्हिसा अधिकारी, भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय, अपघात दावा न्यायाधिकरण यांना ते माहीत नसतं. त्यांना सरकारी नोंदवहीतला उतारा हवा असतो. पत्रिका, फोटो, व्हिडिओ हे पूरक पुरावे आहेत, दाखल्याची जागा ते घेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात तर त्याआधीचाच, 1998 चा कायदा आहे.

उलट विचारतो. विधी केला नाही, फक्त नोंदणी करून दाखला घेतला तर चालेल का?

हिंदू लग्नात चालत नाही. "व्हिसासाठी आत्ता सही करून ठेवू, लग्न डिसेंबरात धूमधडाक्यात करू" असं बरीच घरं ठरवतात, म्हणून हे स्पष्ट सांगावंसं वाटतं. 2024 मध्ये डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात नेमकं हेच घडलं होतं. दाखला होता, विधी झालाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं ते लग्न झालंच नाही असं ठरवलं. दाखला हा झालेल्या विधीचा पुरावा असतो, त्यातून लग्न निर्माण होत नाही. शिवाय ज्ञापनात, म्हणजे नोंदणीच्या अर्जात, विधीची तारीख आणि ठिकाण खोटं लिहावं लागतं, त्यावर भटजी आणि साक्षीदारही सही करतात, म्हणजे सगळेच अडकतात.

घाई असेल तर दोन सरळ वाटा आहेत. घरच्या घरी मोजक्या माणसांत विधी करून त्या तारखेची नोंदणी करा आणि डिसेंबरात स्वागत समारंभ ठेवा. किंवा विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करा. तिथं विधीची गरज नसते, मात्र 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

नोंदणी कुठं करायची? "रजिस्टर लग्न" म्हणजे हीच का?

लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. विशेष विवाह कायद्याखालचं लग्न विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं, त्यासाठी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याचं कार्यालय असतं. तुमचं लग्न आधीच विधीनं लागलेलं आहे. त्याची नोंद महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, 1998 या कायद्याखाली होते. शहरात महापालिकेचं प्रभाग कार्यालय किंवा नगरपरिषद, आणि गावात ग्रामपंचायत. तिथं ग्रामसेवक हेच विवाह निबंधक असतात.

कार्यालय साधारणपणे लग्न जिथं लागलं तिथलं किंवा वर-वधूंपैकी एकजण जिथं राहतो तिथलं निवडतात. अमुक ठिकाणीच या, असा आग्रह काही कार्यालयं धरतात, त्यामुळे कागद गोळा करण्याआधी फोन करून विचारा. कार्यालय लग्नाच्या गावाचं असेल तर तिथल्या हॉलची पावती जवळ ठेवा. राहत्या जागेचं असेल तर पत्त्याचा पुरावा त्याच हद्दीतला लागतो. सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते इथंच: मुलगा पुण्यात सहा वर्षं भाड्यानं राहतो, पण आधारवर पत्ता अजून परभणीचा.

वर-वधूंपैकी एकजण हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख नसेल आणि कुणीही धर्म बदललेला नसेल, तर हिंदू विधीनं लागलेलं लग्न हिंदू विवाह कायद्यात बसत नाही. नुसत्या नोंदणीनं तो दोष जात नाही. अशा जोडप्यानं विशेष विवाह कायद्याची वाट धरावी. विधीनं आधीच लागलेलं लग्न त्या कायद्याखाली नोंदवायची सोयही आहे (कलम 15 आणि 16). त्यासाठी दोघांची वयं 21 पूर्ण, लग्नापासून एकत्र राहणं, अर्जाआधी किमान 30 दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य, आणि हरकतींसाठी 30 दिवसांची जाहीर नोटीस लागते.

मुदत किती?

लग्नाच्या तारखेपासून 90 दिवस. नंतरही नोंदणी होते, पण जादा शुल्क भरावं लागतं आणि उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र मागतात. पैशांची झळ मोठी नसते. खरी झळ पुढं, दाखल्यावरच्या दोन तारखांमुळे बसते; तो मुद्दा व्हिसाच्या प्रश्नात घेतला आहे.

कागद काय काय लागतात?

मुख्य कागद म्हणजे विवाह नोंदणीचं ज्ञापन, नमुना ड. तो कार्यालयात किंवा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. बहुतेक कार्यालयांत त्यावर 100 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. त्याच्या आधारे मिळणारा दाखला म्हणजे नमुना इ. पुढं सगळीकडे मागतात तो हाच.

ज्ञापनासोबत वर आणि वधू दोघांच्याही वयाचा पुरावा द्यायचा असतो: शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला किंवा पासपोर्ट. लग्नाच्या दिवशी मुलाला 21 आणि मुलीला 18 पूर्ण असायला हवीत. अर्जाच्या दिवशीचं वय इथं उपयोगाचं नाही. मग दोघांचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, लग्नपत्रिका, आणि विधी चालू असतानाचा एक फोटो. या फोटोत दोघांचे चेहरे दिसायला हवेत. अंतरपाट मध्ये असलेला सुंदर फोटो इथं कामाचा नाही, हार घालताना किंवा होमाजवळचा द्या. निकाह असेल तर निकाहनाम्याची प्रत, आणि तो उर्दूत असेल तर मराठी भाषांतर.

मूळ कागद बरोबर न्यायचे आणि झेरॉक्सवर स्वतःची सही करायची. वधूच्या झेरॉक्सवर लग्नाआधीच्या नावाची सही चालते.

दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची न्यायालयाकडची प्रमाणित प्रत, किंवा जोडीदाराचा मृत्यूदाखला लागतो. हुकूमनाम्याची तारीख नव्या लग्नाच्या आधीची हवी, आणि अपिलाची मुदत शिल्लक असताना लग्न लावलेलं नसावं. ज्ञापनात "अविवाहित" लिहून हा भाग टाळणारे लोक असतात. परदेशी व्हिसाच्या अर्जात आधीच्या लग्नाबद्दल थेट प्रश्न असतो. तिथं खरं लिहिलं की दाखला खोटा ठरतो, आणि दाखल्याशी जुळवून लिहिलं की अर्ज खोटा ठरतो.

भटजींची सही हवीच का? ते आता फोन उचलत नाहीत.

ज्ञापनावर विधी लावणाऱ्याचं नाव, पत्ता, वय आणि सही यांचा रकाना असतो, आणि बहुतेक कार्यालयं त्यांच्या ओळखपत्राची प्रतही मागतात. भटजी लग्नसराईत एका दिवशी दोन गावांत असतात, हॉलवाल्यांनी ठरवले असतील तर तुमच्याकडे त्यांचा नंबरही नसतो. म्हणून नमुना ड लग्नाच्या दिवशीच बरोबर ठेवा, दक्षिणा देताना सही घ्या आणि आधारची झेरॉक्स मागून घ्या. काझींच्या बाबतीतही तसंच. निकाहनाम्यावर त्यांचा शिक्का असतो, पण ज्ञापनावरची सही वेगळी घ्यावी लागते.

भटजी निवर्तले असतील किंवा सापडतच नसतील तर विवाह निबंधकांना लेखी कळवा. लग्नाला हजर असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घेऊन काम पुढं नेतात. ते निबंधकांच्या समाधानावर आहे, त्यामुळे फोटो आणि पत्रिका भक्कम हवी.

साक्षीदार किती आणि कोण?

तीन, आणि तिघंही लग्नाला प्रत्यक्ष हजर असलेले. त्यांची ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे आणि फोटो लागतात. नातेवाईक चालतात. सहीच्या दिवशी वर, वधू आणि तिघं साक्षीदार असे पाचही जण एकाच वेळी निबंधकांसमोर यावे लागतात, म्हणून मुंबईत अर्ज करायचा असेल तर साताऱ्याचे तीन मामा साक्षीदार म्हणून घालू नका. एकाच गावातली, त्या दिवशी सुटी काढू शकतील अशी तीन माणसं निवडा.

लग्नानंतर नाव बदलायचं आहे. ज्ञापनात कुठलं नाव लिहायचं?

वधूचं लग्नाआधीचं नाव, पासपोर्ट किंवा शाळेच्या दाखल्यावर आहे अगदी तसं. दाखल्याचं काम "ही मुलगी आणि हा मुलगा यांचं अमुक दिवशी लग्न लागलं" एवढंच सांगायचं असतं. सासरचं नाव नंतर राजपत्रात प्रसिद्ध करून किंवा दाखल्याच्या आधारे इतर कागदांवर चढवता येतं. ज्ञापनातच सासरचं नाव घातलं, तर वडिलांच्या नावाच्या सगळ्या जुन्या कागदांशी दाखल्याचा दुवा तुटतो.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा साताऱ्याची सुनीता आणि पुण्यात नोकरी करणारा मंदार यांचं लग्न 9 फेब्रुवारी 2025 ला साताऱ्यात झालं. नव्वद दिवस 10 मेला संपतात. सुनीताच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव "दत्तात्रय", आधारवर "दत्तात्रेय", आणि पासपोर्टवर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग. मंदारच्या पासपोर्टवर मधलं नावच नाही, आधारवर आहे. मार्चमध्ये सहज गेले असते तर कारकुनानं आधार पाहून दाखला बनवला असता आणि दोघांनी आनंदानं घरी नेला असता. पुढच्या वर्षी मंदार अमेरिकेला निघाल्यावर सुनीताच्या व्हिसाच्या अर्जात पासपोर्टचं नाव एक आणि दाखल्याचं नाव दुसरं झालं असतं.

त्यांनी करायचं ते असं. आधी ठरवायचं की प्रमाण कागद पासपोर्ट आहे, कारण परदेशात दाखला त्याच्याशीच ताडून पाहतात. मग आधार पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं. त्यानंतर ज्ञापनातला इंग्रजी भाग पासपोर्ट समोर ठेवून, एकेक अक्षर ताडून भरायचा. सही करण्याआधी मसुदा वाचायला मिळतो, तो घाईत वाचू नका. नावांची अक्षरं, जन्मतारखा, लग्नाची तारीख, आणि ठिकाण: "सातारा" एवढंच की हॉल आणि तालुक्यासह. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं पासपोर्टवर बोट ठेवायचं. सही झाल्यावरच्या दुरुस्तीपेक्षा ही दहा मिनिटं फार स्वस्त पडतात.

आळंदीला किंवा आर्य समाजात लग्न केलं. तिथून प्रमाणपत्र मिळालं आहे, ते पुरेसं नाही का?

मंगल कार्यालयानं, देवळानं किंवा आर्य समाजानं दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे विधी झाल्याचा संस्थेचा कागद. पुरावा म्हणून तो जोडा, पण निबंधकाचा दाखला वेगळा. आळंदीत पुष्कळ मंगल कार्यालयं "नोंदणीसह" पॅकेज देतात. त्यात नेमकं काय मिळणार हे विचारा: नमुना इ, निबंधकाच्या सहीशिक्क्याचा, की फक्त कार्यालयाच्या छापील कागदावरचं प्रमाणपत्र? हा फरक लोकांना बहुधा व्हिसाच्या खिडकीवर कळतो.

पत्रिका छापलीच नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र देतात. त्यासाठी मागची तारीख घालून पत्रिका छापून आणू नका.

व्हिसासाठी हा दाखला नेमका कसा तपासतात?

तीन गोष्टी पाहतात. पहिली, कुणी दिला. पती-पत्नीच्या नात्यावर मागितलेल्या व्हिसासाठी, मग तो अमेरिकेचा एच-4 असो, ग्रीन कार्डची याचिका असो की ब्रिटन-कॅनडाचा जोडीदार व्हिसा, सरकारी विवाह निबंधकानं किंवा विवाह अधिकाऱ्यानं दिलेला दाखलाच आणावा.

दुसरी, भाषा. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असेल तर उत्तम. फक्त मराठीत असेल, किंवा शिक्का आणि शेरे मराठीत असतील, तर संपूर्ण कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. अमेरिकेच्या अर्जात भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं भाषांतरकारानं लिहून द्यावं लागतं; ब्रिटनच्या अर्जात त्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्कही लागतो. कोपऱ्यातला गोल शिक्का भाषांतरात सुटला की कागद अपुरा ठरू शकतो.

तिसरी, तारखा. दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन वेगळ्या असतात. व्हिसाच्या प्रत्येक अर्जात "लग्नाची तारीख" म्हणजे विधीची तारीख. घाईत कुणी नोंदणीची तारीख टाकतं, दुसऱ्या अर्जात विधीची, आणि मुलाखतीत तोंडी तिसरंच सांगतं. लग्न 2019 चं आणि नोंदणी व्हिसा अर्जाच्या आदल्या आठवड्यातली असेल तर नातं कागदापुरतं तर नाही ना, हा प्रश्न साहजिक येतो. त्यावर उत्तर म्हणजे मधल्या वर्षांचे पुरावे: एकत्र खातं, एकाच पत्त्याची बिलं, प्रवास, फोटो. नव्वद दिवसांत नोंदणी केली असती तर हे सगळं गोळा करण्याचं ओझं बरंच कमी झालं असतं.

पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालायला मात्र दाखला हवाच असं नाही, दोघांचं संयुक्त घोषणापत्र चालतं. तेवढ्यावरून दाखल्याचं काम संपलं असं समजू नका.

अपोस्टिल म्हणजे काय, आणि मला लागेल का?

दाखल्यावरची सही-शिक्का खरा आहे, असं परराष्ट्र मंत्रालय जो स्टिकर लावून सांगतं तो अपोस्टिल. हा स्टिकर मानणाऱ्या देशांचा एक करार आहे, भारत 2005 पासून त्यात आहे. स्टिकर लावून घेण्याआधी राज्य सरकारकडून दाखला साक्षांकित करून घ्यावा लागतो, महाराष्ट्रात हे काम मंत्रालयातून होतं. देश निवडून वागा. संयुक्त अरब अमिरात त्या करारात नाही, म्हणून तिथं कुटुंबाला नेताना परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्यांच्या दूतावासाचंही साक्षांकन लागतं. जर्मनीनं भारताच्या अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे आणि ते स्वतःची पडताळणी करतात, त्यामुळे जर्मनीसाठी अपोस्टिलवर पैसे घालवू नका. दाखला लॅमिनेट करून ठेवला असेल तर त्यावर स्टिकर आणि शिक्का लागत नाही. लॅमिनेशन करूच नका.

नवरा परदेशात गेला आणि नोंदणी राहिली. तिकडच्या भारतीय दूतावासात होईल का?

भारतात लागलेल्या लग्नाची नोंदणी तिथं होत नाही. परदेशी विवाह कायदा, 1969 हा भारताबाहेर लागलेल्या लग्नांसाठी आहे. दोघांना निबंधकांसमोर यावं लागतं, म्हणून सुटीवर येण्याआधीच वेळ घ्या, ज्ञापन भरून ठेवा आणि साक्षीदारांना तारीख द्या. तीन आठवड्यांच्या सुटीत पहिल्या दोन दिवसांत हे काम लावा, शेवटच्या दोन दिवसांत नको. कागदात त्रुटी निघालीच तर दुरुस्तीला वेळ राहतो.

विमा, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन: इथं दाखला कधी आडवा येतो?

मृत्यूनंतर, आणि तेव्हा तो आणायला जोडीतला एकजण हयात नसतो.

सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट भविष्य निर्वाह निधीची. नोकरीला लागताना अविवाहित असलेल्या मुलानं भावाचं नाव वारस म्हणून लावलं. लग्न झालं की ते नामनिर्देशन नियमानुसार आपोआप अवैध होतं, कारण आता त्याला कुटुंब आहे आणि नामनिर्देशन कुटुंबातल्याच व्यक्तीच्या नावे करावं लागतं. नवं नामनिर्देशन केलं नाही आणि तो गेला, तर भाऊ जुना कागद घेऊन येतो आणि बायको लग्नाचा पुरावा शोधत फिरते. नोंदणीचा दाखला मिळाला की त्याच आठवड्यात ई-नामनिर्देशन बदला, आणि उपदानाचं म्हणजे ग्रॅच्युइटीचंही. ते मालकाकडे वेगळं भरायचं असतं.

पत्नीच्या निवृत्तिवेतनाला आणि अपघात भरपाईच्या दाव्यालाही नात्याचा पुरावा लागतो. दाखला नसेल तर साक्षीदार, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे कागद यांवरून लग्न सिद्ध करता येतं, न्यायालयं ते मानतातही. पण समोर हरकत घेणारा दीर असेल तर त्या सिद्ध करण्यातच वर्षं जातात. जोडीदार हयात नसताना नव्यानं नोंदणी करून घेणं तर बहुतेक वेळा जमतच नाही, कारण दोघांची हजेरी आणि सही हाच तिचा पाया आहे.

दाखल्यात चूक निघाली तर?

ज्यांनी दिला त्याच निबंधकांकडे लेखी अर्ज करा, चुकीच्या आणि बरोबर नोंदीचा पुरावा जोडा. ज्ञापनात तुम्हीच बरोबर लिहिलेलं असेल आणि टंकताना चुकलं असेल तर काम सोपं. ज्ञापनातच चूक असेल तर प्रतिज्ञापत्रासह दुरुस्ती मागावी लागते. म्हणून भरलेल्या ज्ञापनाची पूर्ण झेरॉक्स, पोच आणि नोंदणी क्रमांक घरी जपून ठेवा. दाखला हरवला तर प्रमाणित प्रत याच क्रमांकावरून लवकर सापडते.

आम्ही गोव्याचे आहोत. आम्हालाही हेच लागू का?

नाही. गोव्यात क्रम उलटा आहे. आधी नागरी निबंधकांसमोर पहिली सही, हरकतींसाठी नोटिशीची मुदत, आणि मग दुसरी सही. ख्रिस्ती लग्नात नागरी निबंधकांचा ना-हरकत दाखला घेऊन मग चर्चमध्ये लग्न लागतं. मुलगी गोव्याची, मुलगा कोल्हापूरचा आणि लग्न म्हापशात असं असेल तर महाराष्ट्राचा नमुना ड घेऊन बसू नका. आधी म्हापशाच्या नागरी निबंधकांकडे जा.